सायफनच्या नोंदी: माथ्यावरचा दाब आणि पाण्याची वाफ

४ एप्रिल

साठवण टाकं रिकामं करायचंय, दुरुस्तीसाठी. तिथे वीज नाही, पंप न्यायचा म्हणजे जनरेटर आला, म्हणून सायफन लावायचं ठरलं. माप असं आहे: पाण्याच्या आजच्या पातळीपासून भिंतीचा माथा ४ मीटर वर, आणि पलीकडे पाईपचं तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा ५.५ मीटर खाली. म्हणजे माथ्यापासून तोंडापर्यंत सगळी मिळून ९.५ मीटरची उतरण. पाईप आतून ७५ मिमी, चढाचा भाग १० मीटर, माथ्यापासून पुढे २६ मीटर. पाणी एकूण ३ मीटर खाली न्यायचंय. हा ३ मीटरचा आकडा पुढे सगळ्यात जास्त डोकं खाणार आहे कारण पाणी उतरेल तसा माथा पाण्यापासून ४ वरून ७ मीटर उंच होत जाणार.

जागा समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, म्हणजे हवेचा दाब पाण्याच्या भाषेत ९.६ मीटर धरायचा. पुस्तकातला १०.३३ मीटर इथे चालत नाही, पाऊण मीटर सुरुवातीलाच गेला. पाणी ३० अंशांच्या आसपास आहे, त्या तापमानाला पाण्याचा वाफदाब ४.२५ किलोपास्कल, म्हणजे ०.४३ मीटर. पाणी गरम आहे म्हणून सायफन चालणार नाही असं बरेच जण म्हणतात, पण २५ अंशांचं पाणी ३५ झालं तरी फरक जेमतेम पाव मीटरचा पडतो. समुद्रसपाटीपासूनची उंची त्याच्या तिप्पट मारते. ६० अंशांचं पाणी असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथे वाफदाबच २ मीटर खाऊन टाकतो.

हिशोब फक्त दोन ओळींचा:

```
H = k_total * V^2/2g
p_crest = p_atm - z - k_up * V^2/2g
```

H म्हणजे पाण्याच्या पातळीपासून तोंडापर्यंतची उतरण, z म्हणजे पाण्यापासून माथ्याची उंची, V पाण्याचा वेग, p_atm हवेचा दाब आणि p_crest माथ्यावरचा दाब. k_total मध्ये सगळ्या पाईपचं घर्षण, जाळी, बेंड आणि बाहेर पडताना वाया जाणारा वेग, सगळं आलं. k_up मध्ये फक्त माथ्यापर्यंतचं, अधिक १, कारण स्थिर पाण्याला वेग द्यायलाही दाब खर्च होतो (हा १ लोक हमखास विसरतात). घर्षण गुणांक ०.०२ धरला तर k_total १२.७ आणि k_up ५.५ येतो. वेग २.९ मीटर प्रति सेकंद, प्रवाह सेकंदाला १२.९ लिटर, माथ्यावर निरपेक्ष दाब ३.२ मीटर. वाफेच्या ०.४३ पासून लांब आहोत. आजच्या पातळीला काही अडचण नाही.

६ एप्रिल

आज पहिल्यांदा चालवला. पाण्यातल्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह आणि पलीकडच्या तोंडाचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद ठेवून माथ्यावरच्या टी मधून पाईप काठोकाठ भरला, टीचं झाकण बंद केलं, मग तोंडाचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. माथ्यावर हातभर लांबीचा पारदर्शक पाईपचा तुकडा आणि एक व्हॅक्यूम गेज बसवलाय, बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी आहे ते तो उणे आकड्यात दाखवतो. पारदर्शक तुकडा बसवायचा कंटाळा करू नका, आत काय चाललंय ते दुसरीकडून कुठूनच दिसत नाही.

तोंडाशी २०० लिटरचा ड्रम लावून घड्याळ धरलं, भरायला सतरा सेकंदांच्या जवळपास लागले. म्हणजे १२ लिटर प्रति सेकंद, हिशोबापेक्षा कमी. कुठेतरी धरल्यापेक्षा जास्त अडथळा आहे हे उघड आहे पण कुठे, हे नुसत्या प्रवाहावरून कळत नाही. इथे गेज कामाला येतो. १२ लिटरला वेग २.७, त्यावरून k_total १४.६ निघतो, म्हणजे साधारण १.९ जादा. हा जादा अडथळा माथ्याच्या पुढे असेल तर गेजने उणे ५९ किलोपास्कलच्या आसपास दाखवायला पाहिजे, आणि माथ्याच्या आधी असेल तर उणे ६६. गेजवर ६६. म्हणजे भानगड चढाच्या बाजूला, आणि तिथे जाळीशिवाय दुसरं काही नाही.

हे जरा सावकाश सांगतो कारण सगळं प्रकरण ह्याच्यावर उभं आहे. माथ्याच्या पुढचा अडथळा प्रवाह कमी करतो, पण माथ्यावरचा दाब वाढवतो. माथ्याच्या आधीचा अडथळा प्रवाह पण कमी करतो आणि माथ्यावरचा दाब पण पाडतो. म्हणून प्रवाह सारखाच कमी झाला तरी गेज दोन वेगळ्या दिशांना जातो.

७ एप्रिल

जाळीवर पालापाचोळा चिकटला होता. मोठी जाळी लावली, भोकांचं एकूण क्षेत्रफळ पाईपच्या काटछेदाच्या चौपट तरी असेल अशी. पाणी सुरू केल्यावर १२.८ लिटर, गेज उणे ६२. हिशोबाशी जुळलं, आता ह्या आकड्यांवर विश्वास ठेवून पुढे जाता येईल.

८ एप्रिल

पाणी दीड मीटरच्या आसपास उतरलं. प्रवाह कमी होतोय ते अपेक्षितच आहे, उतरण कमी झाली. पण गेज आणखी खाली चाललाय. फिटर म्हणाला, "साहेब, पाणी कमी वाहतंय तर ओढ पण कमी व्हायला पाहिजे ना, गेज उलटा का जातोय?" प्रश्न बरोबर आहे. वेग कमी झाल्याने माथ्याला थोडा दिलासा मिळतो खरा, पण पाणी एक मीटर उतरलं की z पूर्ण एक मीटर वाढतो आणि वेगाकडून परत मिळतात फक्त ०.४३ मीटर. निव्वळ तोटा दर मीटरला ५७ सेंटिमीटर.

हेच पलीकडच्या बाजूने बघितलं तर जास्त सोपं जातं. माथ्यापासून तोंडापर्यंत ९.५ मीटरचा पाण्याचा स्तंभ लटकलाय, तो कधीच बदलत नाही. तो माथ्यावरचा दाब ९.५ ने खाली ओढतो आणि उताराच्या पाईपमधलं घर्षण त्यातला काही भाग परत देतं. पहिल्या दिवशी हे घर्षण ३.१ मीटर परत देत होतं म्हणून ९.६ वजा ९.५ अधिक ३.१ असे ३.२ उरत होते. वेग कमी झाला की घर्षण कमी, परतावा कमी, माथा आणखी उपाशी. म्हणजे उताराच्या पाईपमधलं घर्षण हे इथे आपल्या बाजूचं आहे. पंपाची सवय असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

पारदर्शक तुकड्यात दुपारपासून बारीक बुडबुडे दिसतायत. दाब अजून २.४ मीटरच्या आसपास आहे, वाफेपासून खूप लांब, म्हणून ही वाफ नाही, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडतेय. ३० अंशांना हवेशी नीट मुरलेल्या एक लिटर पाण्यात १५ मिलिलिटरच्या आसपास हवा विरघळलेली असते. दाब पाव झाला की पाणी त्यातली पाव हवाच धरून ठेवू शकतं. बाकीची सगळी लगेच सुटत नाही कारण पाणी माथ्यावर क्षणभरच असतं, पण जी सुटते ती तिथल्या कमी दाबामुळे चौपट फुगते. म्हणून पुस्तकं माथ्यावर साधारण २.५ मीटर निरपेक्ष दाब राखायला सांगतात. वाफेची मर्यादा ही शेवटची भिंत झाली, हवा त्याच्या खूप आधी त्रास द्यायला लागते.

(उलट बाजूने, पाण्यातली हवा आधीच काढून टाकली तर काय होतं हे ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये करून दाखवलंय, तिथे १५ मीटर उंचीचा सायफन चालवला होता. तिथे पाणी ताणाखाली असतं, म्हणजे निरपेक्ष दाब शून्याच्याही खाली. प्रयोगशाळेच्या बाहेर ह्याचा उपयोग नाही पण वाचायला मजा येते.)

१० एप्रिल

काम हळू चाललंय म्हणून तोंड आणखी खाली न्यायचा प्रस्ताव आला. खाली नाल्यात अजून ४ मीटर उतार आहे, १० मीटर पाईप जोडला की झालं, उतरण वाढली म्हणजे प्रवाह वाढला. पहिल्या ओळीपुरतं हे अगदी खरं आहे. पाणी आता २ मीटर उतरलंय, आहे त्या पाईपने १०.३ लिटर मिळायला पाहिजेत, लांब पाईपने हिशोबात १३.७ येतात. पण दुसरी ओळ बघा: माथा ६ मीटरवर, दाब ०.९ मीटर. आणि ३ मीटर उतरल्यावर ०.३, म्हणजे वाफदाबाच्याही खाली. पाण्यात तो दाब येऊच शकत नाही, त्याआधी वाफ होणार.

मी आधीच सांगितलं होतं की फार काही हाती लागणार नाही, पण पाईप होता, जोडायला वेळ लागत नव्हता, आणि सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं बरं म्हणून जोडला. सुरू केल्यावर दोन मिनिटांत पारदर्शक तुकडा पांढरा झाला, आरपार दिसेना. बेंडमधून खडी वाहतेय असा कडकड आवाज, गेजचा काटा उणे ८० च्या पुढे थरथरतोय. ड्रमवर मोजलं तर १०.५ लिटर. म्हणजे ४ मीटर जादा उतरण लावून मिळालं जवळपास काहीच नाही.

सरासरी दाब हिशोबात ०.९ असताना वाफेचा आवाज कसा, तर बेंडच्या आतल्या बाजूला पाणी जास्त वेगाने वळतं आणि तिथला दाब सरासरीपेक्षा बराच खाली जातो. गेज पाईपचा एकच बिंदू दाखवतो. शिवाय हवेच्या फेसाने बेंड अर्धा भरला की उरलेल्या वाटेतून पाणी आणखी जोरात जातं.

हवा आहे की वाफ हे ओळखायची एक खात्रीची पद्धत आहे. तोंडाचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळायचा. माथ्यावरचा दाब वाढतो, आणि वाफ असेल तर ती चटकन पाणी होऊन नाहीशी होते, आवाज बंद पडतो. हवा मात्र तशीच राहते, नुसती आकसते आणि माथ्यावर पोकळी धरून बसते. आम्ही आवळला तेव्हा कडकड लगेच थांबली आणि वर हाताच्या पंजाएवढी पोकळी उरली. म्हणजे दोन्ही होतं, थोडी वाफ आणि भरपूर हवा. व्हॉल्व्ह झटक्यात बंद करू नका, वाफेची पोकळी मिटताना दोन्हीकडचं पाणी एकमेकांवर आपटतं आणि जोड सैल होतात.

आणखी एक गोष्ट ह्यावरून दिसते. माथ्यावर वाफदाब एकदा गाठला की प्रवाह ठरवणारा फक्त चढाचा भाग उरतो: ९.६ वजा z वजा ०.४३, एवढाच दाब चढाच्या पाईपमधून पाणी ढकलायला शिल्लक असतो. पाणी ३ मीटर उतरल्यावर त्यातून कसेही करून १२.३ लिटरच्या वर काही निघणार नाही, तोंड नाल्यात न्या नाहीतर त्याच्याही खाली न्या. आणि हा आकडासुद्धा कागदावरचा, हवा तिथवर पोचू देत नाही.

जादाचा पाईप संध्याकाळी काढून टाकला.

११ एप्रिल

व्हॉल्व्ह आवळून चालवायचं का ह्याचा हिशोब केला. तोंडाकडचा व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे उताराच्या बाजूला घर्षण वाढवणं, त्यामुळे माथ्यावरचा दाब वाढतो. फूटव्हॉल्व्हकडे आवळलं तर बरोबर उलटं, प्रवाह कमी होऊनही माथ्यावर वाफ. पाणी कमी करायचं म्हणून जवळचा व्हॉल्व्ह फिरवायची सवय असते, सायफनला ती महागात पडते, म्हणून फूटव्हॉल्व्ह कायम पूर्ण उघडा.

पण तोंडाकडे आवळूनही एक मर्यादा आहे. पूर्ण बंद केलं तरी माथ्यावर मिळणार ९.६ वजा z, म्हणजे ३ मीटर उतरल्यावर २.६ मीटर. २.५ राखायचा हट्ट धरला तर हातात फक्त १० सेंटिमीटर, आणि त्यात प्रवाह बसतो २.६ लिटर. वेग ०.६ मीटर प्रति सेकंद. आता ह्या वेगाने पाणी सुटलेली हवा पुढे ढकलू शकेल का हा प्रश्न. उतरत्या पाईपमध्ये बुडबुडा वर चढायला बघतो आणि पाणी त्याला खाली ओढतं, ७५ मिमीला साधारण ०.८ ते ०.९ मीटर प्रति सेकंदाच्या वर वेग असला की ओढलं जातं असं धरायचं. ०.६ ला हवा माथ्यावर साचत जाणार आणि तासाभरात सायफन तुटणार. म्हणजे दाब सांभाळायला वेग कमी केला की हवा कमी सुटते पण सुटलेली बसून राहते. मधला मार्ग म्हणजे माथ्यावर २ मीटर मान्य करायचा, तेव्हा ३ मीटर उतरल्यावर ६.५ लिटर मिळतात, वेग दीडच्या जवळ, हवा वाहून जाते. चालेल, पण समाधान नाही.

१२ एप्रिल

दोन्ही टोकं बंद करून, आत पाणी भरलेलं ठेवून, गेज रात्रभर सोडला होता. काटा सकाळी बराच शून्याकडे सरकलेला. ह्याचा अर्थ कुठलातरी जोड हवा ओढतोय. जोडातून पाणी टपकत नाही म्हणून कोणी बघत नाही, आत व्हॅक्यूम आहे, टपकणार कसं. चढाच्या बाजूच्या एका क्लॅम्पवर साबणाचं पाणी लावलं तर ते आत ओढलं गेलं. रबर बदललं. विरघळलेल्या हवेवर आरोप करण्याआधी ही चाचणी करावी.

१३ एप्रिल

चढाचा १० मीटरचा तुकडा आणि माथा १०० मिमीचा केला, माथ्याच्या पुढे रेड्युसर लावून तोच जुना ७५ मिमी. पाईप मऊ होज नाही, आत कड्या असलेला सक्शनचा घेतलाय, कारण साधा होज ह्या व्हॅक्यूमला चपटा होतो. बेंड पण लांब वळणाचा.

ह्यामागचं गणित छान आहे. त्याच प्रवाहाला १०० मिमीमधला वेगाचा हेड, म्हणजे V^2/2g, ७५ च्या साधारण एक तृतीयांश होतो. माथ्याच्या आधीचं सगळं नुकसान त्याच प्रमाणात घटतं आणि माथ्याच्या पुढचं घर्षण, जे आपल्या बाजूचं आहे, ते जसंच्या तसं राहतं. व्हॉल्व्ह आवळल्यावर प्रवाह देऊन दाब घ्यावा लागतो, इथे दोन्ही एकदम वाढतात. २ मीटर उतरलेल्या पातळीला आधी १०.३ लिटर आणि २.१ मीटर होतं, आता हिशोबात १२ लिटर आणि ३ मीटर.

मोजलं: ११.६ लिटर, गेज उणे ६४, म्हणजे माथ्यावर ३ मीटर. रेड्युसर आणि जोडांनी थोडं खाल्लं असणार. पारदर्शक तुकडा स्वच्छ, अधूनमधून एखादा बुडबुडा. फिटर त्याच्याकडे बघत म्हणाला, "मोठा पाईप खालच्या बाजूला लावला असता तर?" तर प्रवाह वाढला असता, आणि माथ्याचं काल होतं त्याहून वाईट झालं असतं, उताराचं घर्षण गेलं म्हणून.

१०० मिमीमध्ये वेग १.५ च्या आसपास आहे, हवा ढकलायला पुरतो, पण पाणी उतरेल तसा कमी होईल. म्हणून माथ्यावर एक छोटा हवेचा डबा उभा केलाय, खाली एक व्हॉल्व्ह, वर एक व्हॉल्व्ह. खालचा उघडा ठेवला की हवा डब्यात चढते आणि डब्यातलं पाणी पाईपमध्ये उतरतं. डबा हवेने भरला की खालचा बंद, वरचा उघडून पाणी भरायचं, वरचा बंद, खालचा परत उघडायचा. हा क्रम सोडला तर वरून हवा आत जाऊन सगळं पहिल्यापासून.

१५ एप्रिल

पाणी ३ मीटरपर्यंत उतरलं. माथा ७ मीटरवर, गेज उणे ७३, प्रवाह ९.५ लिटरच्या आसपास, हिशोब १०.१ सांगत होता. बुडबुडे वाढलेत, डबा आता दर पाऊण तासाने भरावा लागतोय, कडकड मात्र नाही. जाळी पाण्याखाली जेमतेम ७० सेंटिमीटर राहिली, दुपारी वर भोवरा फिरायला लागला होता, त्यातून हवा सरळ पाईपमध्ये शिरते, म्हणून जाळीच्या वर एक लाकडी फळी तरंगत सोडली, भोवरा मोडला. तळाचं उरलेलं पाणी ह्या सायफनने काढायचं नाही, माथा आणखी अर्धा मीटर वर गेला की व्हॉल्व्ह बंद केला तरी दाब २.१ च्या वर जात नाही. त्यासाठी बांधाच्या एका बाजूला भिंत एक मीटर कमी उंचीची आहे, पाईप तिथून फिरवायचा, लांबी १२ मीटरने वाढेल पण ती वाढ उताराच्या बाजूलाच ठेवता येते.